दवाखान्याबाहेरचं बीपी : भद्रावतीतला एक वाद

भद्रावती तालुक्यात कामगाराचं बीपी मोजलं जातं ते बहुतेक दिवसा, दवाखान्यात, बाकावर बसवून. माजरी परिसरातल्या वेकोलिच्या खाणींत काम करणाऱ्याची नियतकालिक वैद्यकीय तपासणी खाण नियमांप्रमाणे निदान पाच वर्षांतून एकदा व्हायलाच हवी. मातीकाम करणारा कारागीर किंवा भाताच्या बांधावरचा शेतकरी मात्र ताप-खोकला घेऊन आला तरच त्याच्या दंडाला पट्टा बांधला जातो. त्या एका मिनिटात आलेला आकडा केसपेपरवर चढतो आणि पुढची कित्येक वर्षं तोच त्या माणसाचा रक्तदाब समजला जातो. हा आकडा उरलेल्या चोवीस तासांबद्दल किती सांगतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं, की तो दोन्ही बाजूंनी फसवतो. काहींच्या बाबतीत नसलेला आजार दाखवतो, तर काहींच्या बाबतीत असलेला लपवतो. लपवण्याची चूक जास्त घातक आहे आणि आपण तीच शोधत नाही. म्हणून चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र तालुक्याला एकच मिळालं, तरी त्याचा निम्मा वेळ दवाखान्यात ज्यांचं बीपी ‘ठीक’ निघतं अशा लोकांना द्यायला हवा.

याच्या विरुद्ध मत हलकं नाही, म्हणून ते इथे त्याच्याच तोंडून येऊ दिलं आहे. त्या बाजूने बोलणारे डॉक्टरसाहेब म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. तालुक्याच्या ठिकाणी रोज साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांचं जे रास्त म्हणणं असतं, ते त्यांच्या तोंडी घातलं आहे.

डॉक्टरसाहेब : “अहो, बीपीच्या गोळ्यांबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे ते दवाखान्यातल्याच पट्ट्याने मोजून ठाऊक झालं आहे. १४०/९० ची रेघ तिथलीच आहे. गोळी दिल्यावर पक्षाघात कमी होतात हे ज्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, त्यांतही बीपी दवाखान्यातच मोजलं होतं. आता माझ्याकडे येणारा माणूस बघा. तो एक दिवसाची मजुरी बुडवून येतो. बीपी १५२/९४ निघालं. मी त्याला म्हटलं, ‘थांब, तुला यंत्र लावतो, परवा परत ये,’ तर तो परवा येत नाही. तो येतो दोन वर्षांनी, अर्धं अंग लुळं पडल्यावर. शेजारच्या गडचिरोलीचं उदाहरण समोर आहे. ‘सर्च’च्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झालेले आढळले, दर सात मृत्यूंत जवळपास एक. जिथे ही स्थिती आहे, तिथे ‘तुम्हाला आजार नाही, तुम्ही डॉक्टरला घाबरलात,’ असं मी कुणाला कशासाठी सांगू?”

हा आक्षेप मी मनापासून मानतो, आणि गडचिरोलीच्या त्याच अभ्यासाकडे पुन्हा येणारही आहे. पण आधी दवाखान्यात नेमकं काय घडतं ते पाहायला हवं, कारण ‘घाबरला’ या शब्दाने ते कळत नाही. इटलीत मिलान इथे ज्युसेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाच्या धमनीत बारीक नळी घालून रक्तदाब अखंड नोंदला जात होता, म्हणजे पट्टा आवळण्याचा त्यात संबंधच नव्हता. मग नेहमीच्या पद्धतीने बीपी मोजायला डॉक्टर खाटेजवळ आले. त्याबरोबर वरचं बीपी सरासरी २७ ने आणि खालचं १५ ने चढलं. चढाचं टोक पहिल्या चार मिनिटांत आलं आणि दहा मिनिटं होईपर्यंत तो बराचसा ओसरला. नाडीही सोबत वाढली.  कितीतरी माणसांचं शरीर मन शांत असूनही असा प्रतिसाद देतं. म्हणजे तपासणीच्या पहिल्या दोन मिनिटांत, वरच्या मजल्यावर धापा टाकत आलेल्या माणसाचं बीपी मोजून जो आकडा आपण लिहितो, तो या चढाच्या टोकाचा असू शकतो. ज्याचं बीपी दवाखान्यात कायम १४०/९० च्या वर आणि बाहेर कायम ठीक असतं, त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात. घरचं बीपी मोजणाऱ्या ‘इंडिया हार्ट स्टडी’त १५ राज्यांतले सुमारे १९ हजार लोक होते. पहिल्या भेटीतल्या मापावर विसंबलं असतं तर त्यांतल्या सुमारे ४२ टक्क्यांबाबत निदान चुकलं असतं. ही चूक एकाच बाजूची नव्हती. काहींचं बीपी बाहेर कमी निघालं आणि काहींचं जास्त.

डॉक्टरसाहेब : “मग उपाय सोपा आहे. माणसाला पाच मिनिटं बसवा, बोलू नका, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. तीन वेळा मोजा आणि पहिलं माप सोडून द्या. मी न मोजता नर्सबाईंनी मोजलं तर चढ आणखी कमी होतो, हेही मान्चियांच्याच गटाने नंतर दाखवलं. एवढं केलं की तुमचं यंत्र कशाला हवं? आणि दुसरं, व्हाइट कोट म्हणजे निरुपद्रवी असं तुम्ही लोकांना सांगता, ते मला पटत नाही. २०१९ मध्ये सत्तावीस अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उपचार न घेतलेल्या व्हाइट कोटवाल्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण साधारण एक-तृतीयांशाने जास्त दिसलं. ऐंशीच्या पुढच्या वृद्धांवर झालेली ‘हायव्हेट’ नावाची चाचणी घ्या. तिच्यातल्या ज्या गटाला चोवीस तासांचं यंत्र लावलं होतं, त्यातले निम्मे लोक व्हाइट कोटच निघाले, तरी त्या चाचणीत गोळ्यांचा फायदा झाला. मग मी गोळी द्यायला का कचरू?”

पाच मिनिटं बसवणं, तीनदा मोजणं हे सगळं करावंच. आजचे बरेच ‘हाय बीपी’ तेवढ्यानेच नाहीसे होतील. व्हाइट कोट निरुपद्रवी आहे असंही मी म्हणत नाही. त्याच एकत्रित अभ्यासात, आधीपासून गोळ्या घेणाऱ्यांपैकी ज्यांचं बीपी फक्त दवाखान्यात चढतं त्यांचा धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे अशा माणसाचं बीपी दवाखान्यात चढलं म्हणून गोळी वाढवत नेण्याला आधार नाही. इथे होणारं नुकसान डॉक्टरांना सहसा दिसत नाही, कारण ते घरी होतं. बाहेर ज्याचं बीपी ११५ आहे त्याला दवाखान्यातल्या १५५ वर दोन गोळ्या दिल्या, की मे महिन्याच्या उन्हात, घामाने पाणी गेलेलं असताना, तो उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडतो. मग तो गोळ्या सोडतो आणि शेजाऱ्यालाही सोडायला सांगतो. चंद्रपूरचा उन्हाळा लक्षात घेतला तर हा मुद्दा किरकोळ नाही. तरी व्हाइट कोट असलेल्याला नजरेआड करू नये, कारण इटलीतल्याच ‘पामेला’ अभ्यासात असे चाळीस टक्क्यांहून अधिक लोक दहा वर्षांत खऱ्या, कायमच्या उच्च रक्तदाबात गेले. त्यांना वर्षातून एकदा पुन्हा मोजायला हवं. पन्नाशीतल्या माणसाला ऐंशीपलीकडच्यांवर झालेल्या ‘हायव्हेट’चा निष्कर्ष जसाच्या तसा लावणंही मला बरोबर वाटत नाही. तिथे दवाखान्यातलं बीपी १६० च्या पुढे असलेलेच घेतले होते.

आता तुमच्या सोप्या उपायातली खरी अडचण. तो फक्त एका बाजूची चूक दुरुस्त करतो. पाच मिनिटं शांत बसवून, पंख्याखाली, तीनदा मोजल्यावर चढलेलं बीपी उतरतं, हे खरं. पण ज्याचं बीपी दवाखान्याबाहेर चढतं, त्याला तुम्ही जितकं शांत बसवाल तितका त्याचा आजार अधिक लपतो. दवाखान्यात १४०/९० च्या खाली आणि बाहेर वर, ही स्थिती म्हणजे मास्क्ड हायपरटेन्शन, मराठीत छुपा रक्तदाब. हे नाव अमेरिकेतल्या टॉमस पिकरिंग यांनी २००२ मध्ये दिलं. तो कुणात सापडतो हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. पुरुषांत, तंबाखू किंवा दारूचं सेवन असलेल्यांत, लठ्ठ आणि घोरणाऱ्यांत, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांत, कामाचा ताण असलेल्यांत, आणि ज्यांचं दवाखान्यातलं बीपी १३० ते १३९ मध्ये घुटमळतं त्यांच्यात. हे वर्णन वाचून भद्रावतीतला एखादा पाळीवरचा कामगार डोळ्यांपुढे येत नसेल तरच नवल.

खर्ऱ्याचंच बघू. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं आणि नाडी वाढवतं, हा परिणाम तोंडात तंबाखू असेपर्यंत आणि त्यानंतर काही काळ टिकतो. स्वीडनमध्ये तोंडात ठेवायच्या तंबाखूचा वापर करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांना चोवीस तासांचं यंत्र लावून १९९८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं दिवसाचं बीपी आणि नाडी तंबाखू न घेणाऱ्यांपेक्षा जास्त होती. विदर्भातला माणूस खर्रा दिवसभर चघळत असतो, पण दवाखान्याच्या दारात तो थुंकून येतो आणि नंबर लागेपर्यंत तास-दीड तास बाकावर बसतो. आपण मोजतो ते त्याच्या दिवसातलं खर्रा नसलेलं, काम नसलेलं, बसलेलं एकमेव बीपी. अशा मापाला ‘नॉर्मल’ म्हणण्याइतकी दुसरी मोठी चूक मला तरी दिसत नाही.

डॉक्टरसाहेब : “समजा छुपा रक्तदाब असतो. तो मारतो हे कशावरून?”

स्पेनमध्ये साध्या दवाखान्यांत येणाऱ्या ५९,१२४ रुग्णांना चोवीस तासांचं यंत्र लावून, त्यांचा सरासरी साडेनऊ वर्षांहून जास्त मागोवा घेऊन जो अभ्यास झाला, तो २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बीपी सगळीकडे ठीक असलेल्यांच्या तुलनेत, छुपा रक्तदाब असलेल्यांच्या मृत्यूची शक्यता सुमारे चोवीस टक्क्यांनी जास्त होती. दवाखान्यात आणि बाहेर दोन्हीकडे बीपी चढलेल्यांचंही नेमकं तेवढंच निघालं. व्हाइट कोटवाल्यांत मात्र अशी वाढ दिसली नाही. आणि मृत्यूचा अंदाज सर्वांत चांगला कुठल्या आकड्याने येत होता? झोपेतल्या वरच्या बीपीने. दवाखान्यातला आकडा खूप मागे राहिला. म्हणजे दोन्हीकडे बीपी चढलेला माणूस तुमच्या हातून सुटत नाही, पण तितकाच धोका असलेला दुसरा माणूस केसपेपरवर ‘बीपी नॉर्मल’ असा शेरा घेऊन घरी जातो. गडचिरोलीत पक्षाघाताने गेलेल्यांपैकी किती जणांचं बीपी कधी दवाखान्यात मोजलं गेलं होतं आणि किती जणांना ते ‘ठीक’ असल्याचं सांगितलं होतं, हे मृत्यूंच्या मोजणीतून कळत नाही. म्हणून तो अभ्यास ‘दवाखान्यातलं बीपी चढलेल्यांना गोळी द्या’ एवढंच सांगतो असं समजणं पुरेसं नाही.

आता चोवीस तासांचं यंत्र व्हाइट कोट आणि छुपा रक्तदाब यांना वेगळं कसं काढतं, ते दोन माणसांवरून पाहू. ही माणसं आणि त्यांचे आकडे समजावण्यासाठी रचले आहेत. यंत्र म्हणजे दंडाला पट्टा आणि कमरेला मोबाइलपेक्षा थोडी मोठी पेटी. ठरावीक वेळाने पट्टा आपोआप फुगतो आणि उतरताना धमनीच्या ठोक्यांनी त्यात उठणारी थरथर मोजतो. पट्टा ज्या हाताने काम कमी होतं त्या दंडाला बांधायचा, आणि तो दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं. पट्टा फुगला की हात सैल सोडून स्थिर राहायचं. आंघोळ त्या दिवशी बंद. आणि एका कागदावर वेळा लिहायच्या. झोपलो कधी, उठलो कधी, पाळी कधी, गोळी कधी घेतली, खर्रा कधी खाल्ला. सगळा अर्थ पुढे या कागदावर अवलंबून असतो.

पहिली व्यक्ती पंचावन्न वर्षांच्या शिक्षिका. तीन भेटींत बीपी १५६/९४, १५२/९२, १५८/९६. मधुमेह नाही, तंबाखू नाही, ईसीजी ठीक, लघवीत प्रथिनं नाहीत. यंत्र लावलं तेव्हा पहिलंच माप १५४, वीस मिनिटांनी १४६, घरी पोचल्यावर तासाभरात १२८. नंतर दिवसभर याच आसपास. दुसऱ्या दिवशी यंत्र काढायला दवाखान्यात आल्या तेव्हा शेवटचं माप पुन्हा १४८. दोन टोकांना उभा चढ आणि मध्ये सपाटी, अशी आकृती कागदावर दिसली की व्हाइट कोटचं निदान जवळपास ठरतं. त्यांची जागेपणीची सरासरी १२६/७८, झोपेतली ११०/६६, सात तासांची झोप धरून चोवीस तासांची १२१/७५. जागेपणी १३५/८५, झोपेत १२०/७०, चोवीस तासांत १३०/८० या मर्यादा आहेत आणि त्या तिन्हींच्या खाली त्या आहेत. झोपेत बीपी तेरा टक्क्यांनी उतरलं, तेही व्हायला हवं तसं. त्यांना गोळी नको. मीठ, वजन, चालणं, आणि वर्षाने पुन्हा माप.

दुसरी व्यक्ती त्रेचाळीस वर्षांचा, खुल्या खाणीत डंपर चालवणारा. दवाखान्यात बीपी १३४/८४. पोट सुटलेलं, खर्रा रोजचा, घोरतो असं बायको सांगते. रात्री १२ ते सकाळी ८ ची पाळी, झोप सकाळी १० ते दुपारी ४. यंत्र दर अर्ध्या तासाने मोजेल असं लावलं, म्हणजे चोवीस तासांत ४८ मापं. डंपरच्या हादऱ्यांत आठ मापं फसली, चाळीस चांगली आली. निदान सत्तर टक्के मापं चांगली हवीत, जागेपणची वीस आणि झोपेतली सात तरी हवीत. ती अट पुरी झाली. पण अहवाल छापणाऱ्या संगणकात रात्र म्हणजे ११ ते सकाळी ७ असं आधीच ठरलेलं होतं. त्याने छापलं, दिवसा १३७/८७ आणि रात्री १४६/९३. म्हणजे रात्री बीपी उतरायच्या ऐवजी चढतं! असा अहवाल पाहून डॉक्टर मूत्रपिंडाच्या तपासण्यांच्या मागे लागतील. प्रत्यक्षात संगणकाने पाळीवरच्या कामाला झोप समजलं आणि दुपारच्या झोपेला दिवस. रुग्णाच्या कागदावरून वेळा दुरुस्त केल्या तर चित्र पालटतं. जागेपणी १४४/९२, झोपेत १२८/८०. झोपेत बीपी अकरा टक्के उतरतं, म्हणजे चढ-उताराची लय शाबूत आहे. फक्त सगळी रेघच वर आहे, झोपेतलंही. चोवीस तासांची सरासरी १४०/८९, आणि ती मात्र झोप कुठली हे चुकवलं तरी बदलत नाही. पाळीवरच्या माणसाच्या अहवालात म्हणून आधी चोवीस तासांची सरासरी पाहावी, मग कागद हातात घेऊन झोपेची. हा माणूस छुप्या रक्तदाबाचा रुग्ण आहे. केसपेपरवर तो ठणठणीत होता.

डॉक्टरसाहेब : “हे सगळं एका यंत्रावर? एक यंत्र एका माणसाला एक दिवस. महिन्याला फार तर वीस-पंचवीस जण. तालुक्यात किती लोक आहेत? आणि तुम्ही म्हणता त्या दुसऱ्या माणसाला गोळी दिली तर त्याचा पक्षाघात टळेल, हे सिद्ध करणारी मोठी चाचणी दाखवा.”

अशी मोठी चाचणी अजून नाही, हे कबूल करायलाच हवं. आपल्याला ठाऊक आहे ते इतकंच, की या लोकांचा धोका दोन्हीकडे बीपी चढलेल्यांइतका आहे आणि गोळीने त्यांचं बाहेरचं बीपी उतरतं. म्हणून छुप्या रक्तदाबात मी पहिल्याच दिवशी गोळीचा आग्रह धरणार नाही. खर्रा सोडवणं, घोरण्याची तपासणी, मीठ, दारू यांना तीन महिने देऊन पुन्हा मोजावं. डंपरवाल्यासारखी जागेपणी १४४ आणि झोपेत १२८ अशी सरासरी पुन्हा आली, तर मात्र गोळी द्यावी. चोवीस तासांची सरासरी १३१ असेल तर घाई नको, कारण रेघेच्या जवळ असणारा माणूस पुढच्या वेळी रेघेच्या या बाजूला निघू शकतो. यंत्राचाही तेवढा दोष असतो. गोळी कुठल्या वेळी घ्यावी हा प्रश्न पाळीवाल्यांना फार सतावतो. ब्रिटनमधल्या एकवीस हजारांहून जास्त रुग्णांच्या ‘टाइम’ चाचणीत २०२२ मध्ये सकाळ की संध्याकाळ याने फरक पडत नाही असं दिसलं. पाळीवाल्याला गोळी झोपून उठल्यावर घ्यायला सांगा, पाळी कुठलीही असो. चुकणार नाही तीच वेळ चांगली.

आणि यंत्र कुणाला लावायचं याचं गणित मुळात इथेच येतं. तुमच्या पंचवीस जागा आज कुणाला जातात? दवाखान्यात बीपी चढलेल्यांना, त्यातही यंत्राची माहिती असलेल्यांना. १८० च्या पुढचं बीपी, किंवा हृदयावर-मूत्रपिंडावर परिणाम दिसणारे यांना यंत्राची गरजच नाही. तिथे तुम्ही म्हणता तेच बरोबर, गोळी लगेच. १५२/९४ वाल्या तुमच्या मजुराला यंत्रासाठी ताटकळत ठेवायलाही मी सांगत नाही. ज्याचं परत येणं शंकेचं आहे आणि जोखीम दिसते आहे, त्याला त्याच दिवशी गोळी द्या. बाकीच्या १४० ते १५९ वाल्यांतल्या बहुतेकांचं काम घरच्या यंत्राने भागतं. सात दिवस, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, पहिला दिवस सोडून सरासरी, १३५/८५ च्या खाली असेल तर ठीक. गावात आशाताईंकडे किंवा आरोग्य मंदिरात एक यंत्र आलटूनपालटून देता येईल. पण घरचं यंत्र झोपेतलं बीपी सांगत नाही, आणि कामावरचंही सहसा नाही. म्हणून चोवीस तासांचं यंत्र ज्यांना दुसऱ्या कशानेच पकडता येत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवा. दवाखान्यात १३० ते १३९ असलेले पाळीवाले, खर्रा खाणारे, मधुमेही, ज्यांच्या लघवीत प्रथिनं सापडली पण बीपी ‘नॉर्मल’ आहे असे. पंचवीसपैकी निदान बारा जागा त्यांच्या. सगळ्या तालुक्याला लावायची कुणाचीच कल्पना नाही. रांग कुठे लावायची एवढंच मी म्हणतो आहे.

डॉक्टरसाहेब : “बारा जागा देऊन बघता येतील. पण तुमचा डंपरवाला खुल्या खाणीतला होता म्हणून जमलं. भूमिगत खाणीत मंजुरी नसलेलं विजेचं उपकरण नेता येत नाही, मिथेनचा धोका असतो. आयुध निर्माणीतही स्फोटकांच्या शेडमध्ये अशी पेटी कमरेला लावून कुणी आत सोडणार नाही. म्हणजे ज्या कामात बीपी सर्वांत जास्त चढत असेल, नेमकं तेच तुमचं यंत्र मोजू शकत नाही.”

हा आक्षेप सगळ्यांत खरा आहे आणि त्याला पुरतं उत्तर नाही. त्यांना यंत्र पाळी संपताच, खाणीच्या दारावरच लावायचं, म्हणजे कामानंतरचे पहिले तास आणि पूर्ण झोप तरी सापडते, आणि झोपेतलंच बीपी धोक्याचं सर्वांत जास्त सांगतं हे वर आलंच आहे. पुढची पाळी लागायच्या आत ते काढून घ्यायचं. अशा नोंदीत सोळा तासच असतील, झोपेची सात मापं मिळाली तर तेवढ्यावर झोपेचं मत देता येतं. ती सरासरी १२०/७० च्या वर असेल तर छुपा रक्तदाब आहे असं म्हणायला हरकत नाही. ती खाली असेल, तर मात्र ‘रक्तदाब नाही’ असं केसपेपरवर लिहू नये. ‘कामावरचं बीपी मोजलेलं नाही’ असं लिहावं, आणि त्या माणसाला सहा महिन्यांनी, सुट्टीच्या नाही तर कामाच्या आठवड्यात, पुन्हा बोलवावं.